गरोदरपणातला रोजा: ठरवायचं कुणी आणि कशावरून?

रमजान जवळ आला की माझ्याकडे फोन सुरू होतात. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या मुली, नात्यातल्या लेकी-सुना, कधी त्यांच्या शेजारणी. मी डॉक्टर नाही, आलिमाही नाही. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण मसाइलची उर्दू किताबं मला वाचता येतात आणि दवाखान्याचा कागद मराठीत समजावून सांगता येतो, एवढ्यावर त्यांचा माझ्यावर भरवसा असतो. प्रश्न बहुतेक एकच असतो : "बाजी, पाचवा महिना लागलाय. रोजे ठेवू का?"

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आपल्या समाजात फिरत असतात. पहिलं घरातल्या मोठ्या बायकांचं : "आम्ही प्रत्येक वेळी पूर्ण महिना ठेवला, आम्हाला काही झालं नाही." दुसरं शिकलेल्या मंडळींचं, विशेषतः बाहेरच्यांचं : "गरोदर बाईनं उपाशी राहायचं? हा अडाणीपणा आहे." मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत, कारण दोन्ही उत्तरं विचारणाऱ्या बाईकडे बघतच नाहीत. तिला कितवा महिना आहे, तिचं हिमोग्लोबिन किती आहे, मागच्या वेळी बाळ वेळेआधी झालं होतं का, ती दिवसभर काय काम करते, यातलं काही न विचारता उत्तर दिलेलं असतं.

हा प्रश्न एखाद-दुसरीचा नाही. चांद्रवर्ष 354 दिवसांचं आणि गर्भारपण नऊ महिन्यांचं. हिशेब केला तर बहुतेक गर्भारपणांत रमजानचे काही ना काही दिवस येतातच. म्हणून या प्रश्नाला नीट उत्तर हवं, आणि माझं मत असं की ते शोधायची पद्धत आपल्या फिकहमध्येच आहे. आपण ती वापरत नाही एवढंच.

आधी सवलतीबद्दल. सूरह अल्-बकराच्या 184 आणि 185 या आयतींमध्ये आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा दिली आहे, आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, असा आशय तिथेच आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईचा उल्लेख हदीसमध्ये येतो. तिर्मिजी, अबू दाऊद, नसाई यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. मुसाफिराला जशी रोज्याची सवलत, तशी या दोघींनाही, असा तिचा आशय. म्हणजे सवलत आहे की नाही हा वादच नाही. प्रश्न आहे तो सवलत कधी घ्यायची, हे ओळखण्याचा.

इथे हनफी किताबांमधली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे असं म्हटलंय की गरोदर बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल तर ती रोजा सोडू शकते. पण ही भीती नुसती शंका नको, 'गालिब गुमान' हवं, म्हणजे मनाचा कौल स्पष्टपणे त्या बाजूला झुकलेला हवा. आणि हे गालिब गुमान तीन वाटांनी येतं : एखादं लक्षण दिसलं, स्वतःचा आधीचा अनुभव तसा होता, किंवा जाणकार तबीबानं सांगितलं. जुन्या किताबांत तबीब मुस्लिम असावा असंही लिहिलंय. आजचे अनेक उलेमा विश्वासू आणि जाणकार डॉक्टर एवढी अट पुरेशी मानतात.

लक्षण, अनुभव, तबीब. या तिन्हींपैकी दोन गोष्टी त्या बाईच्या स्वतःच्या अंगातल्या आहेत. लक्षण तिला जाणवतं, अनुभव तिचा असतो. सासूचा अनुभव, जावेचा अनुभव, मोहल्ल्याचं मत या यादीत कुठेच नाही. म्हणून निर्णय तिचा, आणि तो या तीन गोष्टींवरून.

आता शरीरात काय होतं ते पाहू. पोटात बाळ असताना आईच्या रक्तातली साखर लवकर खाली येते, कारण बाळ ती सतत घेत असतं. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची द्रव्यं वाढतात. उपाशी राहिल्यावर हे कुणाच्याही शरीरात होतं. गरोदर बाईत ते फार लवकर होतं. 1982 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यावर एक अभ्यास आला होता. शेवटच्या तिमाहीतल्या निरोगी बायकांनी रात्रीच्या जेवणानंतर सकाळचा नाश्ता चुकवला, तर बारा ते अठरा तासांच्या दरम्यान त्यांच्या रक्तात हा बदल इतर बायकांपेक्षा ठळक दिसला.

या आकड्यांशेजारी आपला रोजा ठेवून बघा. मार्चमध्ये महाराष्ट्रात पहाटे साडेपाचच्या आसपास सहरी संपते आणि संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला इफ्तार होतो. साधारण तेरा तास. म्हणजे नीट सहरी केलेला रोजा त्या पट्ट्याच्या सुरुवातीलाच संपतो. पण सहरी चुकली तर? रात्री नऊला जेवलेली बाई दुसऱ्या दिवशी साडेसहाला खाते, म्हणजे साडेएकवीस तास. तो रोजा वेगळाच झाला. म्हणून माझं सांगणं असतं की गरोदर बाईची सहरी राहून गेली, किंवा सहरीत फक्त चहा-खारी झाली, तर त्या दिवशी रोज्याचा विचार सोडून द्यावा. सहरीशिवाय रोजा होतो हे मसला म्हणून खरं आहे, पण ते तिच्या तब्येतीला लावायचं नाही.

"आम्हाला काही झालं नाही" या उत्तरातही थोडं तथ्य आहे, ते नाकारू नये. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 22 अभ्यास एकत्र केले गेले, 31 हजारांहून अधिक गर्भारपणं त्यांत होती. रमजानचे रोजे ठेवल्यामुळे जन्मावेळचं वजन घटल्याचं त्यात दिसलं नाही, बाळ वेळेआधी होण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं नाही. पण बाकीच्या गोष्टींबद्दल सांगायला पुरावा अपुरा आहे, असंही त्याच आढाव्यात म्हटलंय. शिवाय ज्यांना झेपतं त्याच बायका बहुधा रोजे ठेवतात, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या बाजूला, आल्मंड आणि मजुमदर या दोन अर्थतज्ज्ञांनी 2011 साली मिशिगन, युगांडा आणि इराकमधली आकडेवारी तपासली. गर्भात असताना, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, रमजान येऊन गेलेल्या मुलांत पुढे मोठेपणी अपंगत्वाचं प्रमाण जास्त दिसलं. मात्र कोणत्या आईनं खरंच रोजे ठेवले होते हे त्यांना माहीत नव्हतं; त्यांनी फक्त महिने मोजले. दोन्ही एकत्र ठेवून मी एवढाच अर्थ काढते की निरोगी बाईनं नीट सहरी करून ठेवलेला रोजा म्हणजे बाळावर जुलूम नव्हे, आणि 'काहीच होत नाही' अशी हमीही कुणी देऊ शकत नाही.

म्हणून रमजानच्या आधी, शाबानमध्येच दवाखान्यात जावं आणि डॉक्टरांना सरळ विचारावं : "मला रोजे ठेवायचे आहेत, माझ्या बाबतीत काही अडचण आहे का?" पुष्कळ बायका हे विचारत नाहीत, कारण डॉक्टर रागावतील असं वाटतं. न सांगता रोजे ठेवतात आणि तपासणीत वजन का वाढलं नाही याचं कारण डॉक्टरांना कळत नाही.

त्या भेटीत चार गोष्टी बघून घ्यायच्या. हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर आणि बाळाची वाढ. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे गरोदरपणातला रक्तक्षय, 7 च्या खाली म्हणजे गंभीर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांत रक्तक्षय आढळला आहे, तेव्हा हे आपल्याला लागू नाही असं कुणी समजू नये. साखरेसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. 140 किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान करतात. हे आठवडे रमजानमध्ये येत असतील तर तपासणी आधी करून घ्यावी किंवा त्या दिवशी रोजा ठेवू नये, कारण ग्लुकोज प्यायचं असतं. नुसतं रक्त दिल्यानं मात्र हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत रोजा तुटत नाही.

इन्सुलिन चालू आहे, रक्तदाब वाढलेला आहे, जुळी आहेत, आधीचं बाळ वेळेआधी झालं होतं, रक्तस्राव झालाय, सोनोग्राफीत बाळाची वाढ कमी दिसतेय, उलट्या थांबत नाहीत, हिमोग्लोबिन फार खाली आहे, अशा बाईबाबत डॉक्टर बहुधा नाहीच म्हणतील. तिथे तबीबाचं मत मिळालं, विषय संपला. त्यानंतर 'पहिले दोन आणि शेवटचे दोन तरी' असा हट्ट धरू नये.

उलट्यांबद्दल एक शब्द. आपोआप उलटी झाल्यानं रोजा तुटत नाही, हा मसला सगळ्यांना पाठ असतो. त्यामुळे तिसऱ्या महिन्यातली बाई सहरीचं सगळं उलटून पडलं तरी "रोजा तर शाबूत आहे" म्हणत संध्याकाळपर्यंत बसते. रोजा शाबूत आहे, पण तिच्या पोटात काही नाही आणि अंगात पाणी नाही. रोजा तुटला का आणि तो पुढे चालवणं बरोबर का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता ज्या बाईला डॉक्टरांनी "बघून बघून ठेवा" असं सांगितलं, तिचं काय? बहुसंख्य बायका याच गटात असतात. इथे मी माझ्या भाचीचं उदाहरण देते, तिच्या परवानगीनं आणि नावाशिवाय. आम्ही रत्नागिरीकडचे, शाफई. ती लग्न होऊन सोलापूरला गेली, तिचं सासर हनफी. 2025 च्या मार्चमध्ये रमजान सुरू झाला तेव्हा तिला चोविसावा आठवडा होता. दुसरी खेप. हिमोग्लोबिन 10.4, रक्तदाब 110/70, ग्लुकोजच्या तपासणीत 128. डॉक्टरांनी सांगितलं, झेपेल तसं ठेवा, गोळ्या चुकवू नका, त्रास झाला तर सोडा.

तिनं एक दिवसाआड रोजा ठेवायचं ठरवलं. महिनाभराचे रोजे म्हणजे एकच मोठा सौदा नव्हे. प्रत्येक दिवसाची नियत वेगळी, प्रत्येक रोजा वेगळी इबादत. मधे दिवस गेले म्हणून आधीचे वाया जात नाहीत. सासूबाईंना हे जरा चमत्कारिक वाटलं, पण त्यांनी अडवलं नाही.

गोळ्यांची वेळ बसवणं हे खरं काम होतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह नीट लागू पडत नाही, आणि चहा-दुधाबरोबरही नाही. तिची घडी अशी बसली : इफ्तारला खजूर आणि पाणी, नमाजनंतर जेवण आणि कॅल्शियमची पहिली गोळी, रात्री दहाला लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, सहरीच्या जेवणानंतर कॅल्शियमची दुसरी. सहरीला ज्वारीची भाकरी, मसुराचं वरण, एक अंडं, वाटीभर दही. इफ्तार ते सहरीत दहा ग्लास पाणी, दर तासाला थोडं थोडं. सहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत लोटाभर पाणी पिण्याचा उपयोग नसतो, ते तासाभरात निघून जातं.

दिवसा ती एका वहीत तीन गोष्टी लिहायची. लघवीला किती वेळा गेली आणि रंग कसा होता. डोकं, चक्कर, पोट कसं आहे. बाळ हलतंय का. पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा रोजा बरा गेला. दुपारी थोडी मरगळ, बाकी काही नाही.

नवव्या रोज्याला ऊन वाढलेलं. ती दुपारी मोठ्या मुलाला शाळेतून आणायला चालत गेली. तीनच्या सुमारास वहीत लिहिलंय : सकाळपासून लघवी एकदाच, गडद पिवळी, जळजळ. डोकं दुखतंय. पोट दोन-तीनदा कडक झालं. ती पंख्याखाली डाव्या कुशीवर आडवी झाली, कपाळावर ओला कपडा ठेवला. तास-सव्वातासानंतरही पोट कडक होणं थांबलं नाही. सव्वाचारला तिनं पाणी आणि खजूर घेऊन रोजा सोडला आणि मला फोन केला.

मागून सासूबाईंचा आवाज मला ऐकू येत होता : "दो-ढाई घंटेच तो रह गये थे, बेटा." त्यांचा जीव तुटत होता, रागावत नव्हत्या. पण ते दोन-अडीच तास हाच सगळ्यात फसवा हिशेब आहे. दुपारी चारनंतर बाई तेवढेच तास उरलेत म्हणून थांबते, आणि तेव्हाच अंगातलं पाणी सगळ्यात कमी झालेलं असतं. किती तास उरलेत हे फिकहच्या यादीत नाही. लक्षण दिसलं आणि विश्रांतीनं गेलं नाही, म्हणजे गालिब गुमान झालं.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात लघवीची तपासणी झाली आणि जंतुसंसर्ग निघाला. गरोदरपणात तो सहज होतो, पाणी कमी पडलं की बळावतो, आणि वेळेवर औषध झालं नाही तर वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. डॉक्टरांनी सात दिवसांचं औषध दिलं आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. भाचीनं बाकीचे रोजे ठेवले नाहीत. ती वेळेवर बाळंत झाली, बाळ चांगलं आहे. पण बाळ चांगलं झालं म्हणून तिचा निर्णय बरोबर, असं मी म्हणत नाही; त्या दिवशी तिच्यासमोर जे दिसत होतं त्यावरून तो बरोबर होता.

यातून एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. रमजानमध्ये प्रत्येक त्रास 'रोज्यामुळे' म्हणून खपवला जातो. जळजळ रोज्यामुळे, डोकेदुखी रोज्यामुळे, सूज रोज्यामुळे. पण पाचव्या महिन्यानंतर जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकल्यासारखं दिसणं, चेहऱ्यावर-हातावर सूज, छातीखाली दुखणं ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणं असू शकतात. इफ्तार करून वाट बघायची नाही, लगेच रक्तदाब मोजायला जायचं. आणि अठ्ठावीस आठवड्यांनंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर रोजा सोडून काहीतरी खावं-प्यावं, डाव्या कुशीवर पडून लक्ष द्यावं. दोन तासांत दहा वेळा हालचाल जाणवली नाही तर त्याच वेळी दवाखाना गाठावा, मग तरावीहची वेळ असो की सहरीची. पाणी जाणं, रक्त जाणं, ताप, नियमित अंतरानं येणाऱ्या कळा, यांत तर घरी थांबायचंच नाही. साखर मोजणाऱ्या बाईनं 70 च्या खाली आकडा दिसला की त्याच मिनिटाला रोजा सोडावा. वरची मर्यादा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी.

भाचीचा त्या फोनवरचा पहिला प्रश्न तब्येतीचा नव्हता. "खाला, कफ्फारा लागेल का?" हा होता. मधेच सोडलेल्या एका रोज्याबद्दल सलग साठ रोजे, ही भीती आपल्या बायकांच्या मनात इतकी बसलेली आहे की चक्कर येत असतानाही त्या घड्याळाकडे बघत बसतात. कफ्फारा आहे तो काही कारण नसताना जाणूनबुजून रोजा तोडण्याबद्दल, तोही हनफी मसलकात. शाफईंमध्ये खाण्या-पिण्यानं रोजा तोडल्यास कफ्फारा नाहीच. जिवाच्या भीतीनं सोडलेल्या रोज्याला दोन्हीकडे कफ्फारा नाही. फक्त कजा, एका रोज्याबद्दल एक रोजा. तिच्या सासरच्या मशिदीतल्या मौलानांनी हेच सांगितलं तेव्हा घरातलं वातावरण निवळलं.

फिदियाबद्दल मसलकात फरक आहे. हनफींमध्ये गरोदर बाईवर फक्त कजा आहे, फिदिया नाही. शाफईंमध्ये तिला स्वतःची, किंवा स्वतःची आणि बाळाची भीती होती तर फक्त कजा. फक्त बाळासाठी सोडला असेल तर कजाबरोबर प्रत्येक रोज्यामागे एक मुद, म्हणजे साधारण सहाशे-साडेसहाशे ग्रॅम धान्य गरिबाला. इब्न अब्बास आणि इब्न उमर यांच्याकडून नुसत्या फिदियाचं मतही नोंदलेलं आहे, पण आपल्याकडचे दोन्ही मसलक कजा धरतात. भाचीला स्वतःचीही भीती होती, तेव्हा तिच्यावर फक्त कजा. त्या वर्षी आपल्याकडे रोजे 29 झाले. तिचे चार पूर्ण झाले, पंचवीस राहिले. बाळ वरचं खायला लागल्यावर डिसेंबरपासून सोमवार-गुरुवार धरून तिनं ते फेडायला घेतले. थंडीत तहान कमी लागते, दिवस थोडा लहान असतो. पाजण्यामुळे पुढच्या रमजानपर्यंत सगळे फिटले नाहीत तरी उज्र आहे, घाबरायचं कारण नाही.

शेवटी घरच्यांना एक सांगायचं आहे, विशेषतः पुरुषांना. आपल्याकडे रोजा न ठेवणारी गरोदर बाई दिवसा जेवते कुठे, हे कधी पाहिलंय? दाराला कडी लावून, उभ्या उभ्या, दोन घास. दीर-सासऱ्यांसमोर पाणी प्यायला लाजते. दुपारचं ताट वाढायला कुणी नसतं, कारण चूल इफ्तारलाच पेटते. पहाटे चारला उठून सगळ्यांची सहरी मात्र तीच करते. म्हणजे ती अर्धपोटीही राहते आणि रोजाही होत नाही. दोन्हींतलं नुकसान तेवढं तिच्या वाट्याला. अल्लाहनं दिलेली सवलत घरात अशी चोरून वापरावी लागत असेल, तर ती तिला मिळालीच नाही.

सहरीचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावं. दुपारी दीड वाजता तिच्यासाठी भाकरी-वरणाचं ताट वाढून ठेवावं आणि तिनं ते सगळ्यांच्या देखत, बसून खावं. आणि ज्या दिवशी तिचा रोजा आहे त्या दिवशी दुपारी तीनला तिला विचारावं : "कसं वाटतंय?" उत्तर काहीही आलं तरी पुढे "आता थोडेच तास राहिलेत" हे वाक्य जोडू नये.